बॅटरी किती पाणी पिते?

इन्व्हर्टरच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "दीडशे एएचमध्ये ट्यूब्युलर दाखवू की फ्लॅट?" दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, दोन्हींवर १५० एएच लिहिलेलं, दोन्हींना वर सहा बुचं. फरक दिसतो तो उंचीत, वजनात आणि किमतीत. ट्यूब्युलर महाग, वॉरंटीही जास्त वर्षांची. मग बहुतेक लोक वॉरंटी बघून ट्यूब्युलर घेतात, जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात ट्रॉलीवर ठेवतात आणि विसरून जातात. पुढे दोन वर्षांत बॅकअप तीन तासांवरून चाळीस मिनिटांवर आला की 'बॅटरीच खराब निघाली' असा निकाल लागतो. कधी तो खरा असतो. बऱ्याचदा मात्र बॅटरी कोरडी पडलेली असते, किंवा तिला नळाचं पाणी पाजलेलं असतं.

बॅटरीची निवड आणि तिचं पाणी हे खरं तर एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. ती गोष्ट घडते बॅटरीच्या आतल्या धन प्लेटवर.

आत काय असतं?

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल सुमारे २ व्होल्टचा आणि सहाही एकामागोमाग एक जोडलेले. सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेट आलटून पालटून उभ्या असतात. धन प्लेटवर तपकिरी रंगाचं लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटवर करड्या रंगाचं सच्छिद्र शिसं आणि मधल्या जागेत पातळ केलेलं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. लाइट गेली आणि पंखा बॅटरीवर चालू लागला, की ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं. चार्जिंग सुरू झालं की ते पुन्हा ॲसिडमध्ये उतरतं.

त्रासाचं मूळ या सल्फेटच्या आकारमानात आहे. लेड डायऑक्साइडचं लेड सल्फेट झालं की ते जवळजवळ दुप्पट जागा घेतं. म्हणजे प्रत्येक वेळी बॅटरी उतरते तेव्हा धन प्लेट फुगते आणि चार्ज होते तेव्हा आकसते. रोज फुगणं, रोज आकसणं. त्यात धन प्लेटवरचा मसाला हळूहळू सैल होतो आणि भुकटी होऊन तळाशी पडतो. गेलेला मसाला परत येत नाही, तेवढी बॅटरीची क्षमता कायमची कमी होते. तळाशी साचलेला गाळ वाढत वाढत प्लेटांना टेकला तर सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

फ्लॅट प्लेट बॅटरीत शिशाची जाळी असते आणि तिच्या चौकटींत हा मसाला लिंपलेला असतो. ही पद्धत १८८१ मध्ये कामी फोर या फ्रेंच माणसाने आणली आणि आजही गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच बनतात. पातळ प्लेट, भरपूर उघडा पृष्ठभाग, त्यामुळे क्षणात मोठा करंट देता येतो. गाडीच्या स्टार्टरला हवं असतं तेच. इन्व्हर्टरसाठी बनवलेल्या फ्लॅट बॅटरीत जाळी आणि प्लेट गाडीच्या बॅटरीपेक्षा जाड असतात, पण रचना तीच. लिंपलेल्या मसाल्याला बाहेरून धरून ठेवणारं फारसं काही नसतं.

ट्यूब्युलर बॅटरीत धन प्लेट वेगळीच असते. शिशाच्या सळ्यांची एक फणी ओतलेली असते. प्रत्येक सळीभोवती पॉलिएस्टर धाग्याची विणलेली नळी आणि सळी व नळी यांच्या मधल्या पोकळीत मसाला भरून खालून बूच. अशा नळ्या शेजारी शेजारी उभ्या, काडतुसांच्या पट्ट्यासारख्या. नळीच्या विणीतून ॲसिड आत-बाहेर करू शकतं, पण मसाला बाहेर पडू शकत नाही. तो फुगला तरी नळी त्याला आवळून धरते. ट्यूब्युलरचं आयुष्य जास्त असतं ते एवढ्यासाठी. तिची ऋण प्लेट मात्र साधी सपाटच असते, कारण गळतीचा प्रश्न मुख्यतः धन प्लेटचा आहे.

भंगारात आलेल्या दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या कापताना पाहिल्या तर हे समजावून सांगायची गरज उरत नाही. जुन्या फ्लॅट बॅटरीतून धन प्लेट उचलली की मसाल्याचे पोपडे हातात येतात, जाळीच्या चौकटी कुठे कुठे मोकळ्या दिसतात आणि डब्याच्या तळाशी चॉकलेटी चिखल साचलेला असतो. ट्यूब्युलरची प्लेट ओढून काढली तर नळ्यांची रांग अजून टणक असते. ती मेलेली असते ती बहुधा आतल्या सळ्या गंजून तुटल्यामुळे किंवा नळ्या फाटल्यामुळे.

कोणाला कोणती?

एक घर घेऊ. तीन पंखे, पाच एलईडी दिवे, वायफायचा राउटर आणि मोबाइलचं चार्जिंग. पंखे ७५ वॅटचे धरले तर २२५, दिव्यांचे ४५ आणि बाकीचे ३०, एकूण ३०० वॅट. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ३७५ वॅट निघतात. १२ व्होल्टला भागलं की सुमारे ३१ अँपिअर.

आता १५० एएच म्हणजे १५० भागिले ३१, असे पावणेपाच तास, असा हिशेब सोपा वाटतो, पण तो चुकतो. बॅटरीवरचा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. म्हणजे ७.५ अँपिअर सावकाश काढले तर वीस तास. सौरऊर्जेसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुतेक दहा तासांच्या हिशेबाचा आकडा असतो, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना तो सी-२० आहे की सी-१० हे वाचून घ्यावं. ३१ अँपिअरने उपसलं तर बॅटरी सुमारे १२० एएचच देते, म्हणजे पावणेचार तास. आणि रोज तळापर्यंत उपसणं कोणत्याच बॅटरीला मानवत नाही. निम्मी उतरेपर्यंत वापरायची ठरवली तर या घराला रोज सुमारे दोन तासांचा बॅकअप मिळतो.

रोज दोन तास लाइट जात असेल, तर बॅटरीचं फुगणं-आकसणं रोजचं आहे आणि तिथे ट्यूब्युलरच हवी. गावाकडची घरं, शेतातली वस्ती, छोटा दवाखाना, झेरॉक्सचं दुकान यांचं उत्तर ठरलेलं आहे. उलट एखाद्या शहरी सोसायटीत महिन्यातून दोनदा वीस मिनिटं लाइट जात असेल, तर ट्यूब्युलरचा खास गुण तिथे वापरातच येत नाही. तिथे चांगल्या कंपनीची फ्लॅट प्लेट पुरते. ती हलकी असते, लवकर चार्ज होते आणि पैसेही वाचतात. गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावणं मात्र दोन्ही ठिकाणी चूक. तिच्या पातळ प्लेट खोल उपशात काही महिन्यांत गळून पडतात.

वॉरंटी वाचताना '३६ + २४' असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ पाहावा. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते आणि पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर काही टक्के सूट मिळते. त्याला ६० महिन्यांची वॉरंटी म्हणणं हे दुकानदाराचं गणित.

पाणी जातं कुठे?

बॅटरी भरत आली की चार्जरकडून येणाऱ्या विजेला प्लेटांवर करायला काम उरत नाही. मग ती ॲसिडमधलं पाणी फोडते. ऋण प्लेटवर हायड्रोजन, धन प्लेटवर ऑक्सिजन. बुचाजवळ कान नेला तर बारीक फसफस ऐकू येते ती याचीच. दोन्ही वायू बुचाच्या छिद्रांतून निघून जातात आणि पातळी उतरते. उन्हाळ्यात थोडं पाणी वाफ होऊनही जातं. ॲसिड मात्र जात नाही. म्हणून बॅटरीत घालायचं ते फक्त पाणी.

या पाण्याचा हिशेब नेमका मांडता येतो. वाया गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधलं एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटतं. सहा सेल धरले तर २ ग्रॅम. म्हणजे बॅटरीने एक लिटर पाणी प्यायलं तर सुमारे ५०० अँपिअर-तास वीज भरल्या बॅटरीवर नुसती वायू करण्यात गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

ट्यूब्युलर बॅटरी पाणी जरा जास्त पिते, त्याचंही कारण धन प्लेटमध्येच आहे. आतल्या सळ्यांच्या शिशात मजबुतीसाठी थोडं अँटिमनी मिसळतात. वर्षानुवर्षं सळ्या किंचित गंजतात तसं ते अँटिमनी सुटून ऋण प्लेटवर जाऊन बसतं आणि तिथे हायड्रोजन सहज सुटू लागतो. म्हणून जुनी बॅटरी नव्यापेक्षा जास्त तहानलेली असते. उंच बांध्याच्या टॉल ट्यूब्युलरमध्ये प्लेटांच्या वर ॲसिडचा साठा जास्त राहतो, म्हणून तिला पाणी टाकायला उशीर झाला तरी चालतो. उशीर म्हणजे वर्ष नव्हे.

पातळी प्लेटांच्या खाली गेली तर काय होतं? उघडा पडलेला भाग हवेत गरम होतो, त्यावर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तो पुन्हा कामाला येत नाही. खालचा बुडालेला भाग जास्त तीव्र झालेल्या ॲसिडमध्ये राहतो आणि लवकर गंजतो. तेवढी प्लेट गेली ती गेलीच. नंतर कितीही पाणी ओतलं तरी परत येत नाही.

कोणतं पाणी?

डिस्टिल्ड वॉटर किंवा डीएम वॉटर. पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात एक आणि पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे. कॅनवर त्याचा उल्लेख असेल तर उत्तम. सील फुटलेलं किंवा गढूळ दिसणारं पाणी घेऊ नये. आणि एक गोष्ट नीट वाचून घ्यावी. त्याच दुकानात, तशाच कॅनमध्ये 'बॅटरी ॲसिड'ही विकतात. पाण्याऐवजी ॲसिड पडलं तर घनता वाढते, सळ्या आणि प्लेटांमधले पडदे गळतात आणि बॅटरी वर्षभरात संपते. 'ॲसिड टाकून बॅटरी ताजी करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते धन प्लेटची सळी खातं. लोह असेल तर ते दोन प्लेटांमध्ये ये-जा करत राहतं आणि काही न चालवताही बॅटरी आपोआप उतरते. हे क्षार एकदा आत गेले की बाहेर काढता येत नाहीत आणि पाणी उडून जात राहिल्याने दर वेळी त्यांचं प्रमाण वाढतच जातं. घरच्या आरओचं पाणी पिण्यासाठी शुद्ध असतं, पण त्यात क्षार बऱ्यापैकी शिल्लक राहतात, चवीसाठी ते मुद्दाम ठेवलेलेही असतात. एसीतून ठिबकणारं पाणी फुकटचं डिस्टिल्ड वॉटर म्हणून सांगितलं जातं. त्यात कॉइलवरचा तांब्या-ॲल्युमिनियमचा अंश आणि धूळ उतरलेली असते. चार-सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या लिटरभर पाण्यासाठी हे धाडस करण्यासारखं नाही.

पाणी टाकायची रीत

धोके दोन. एक ॲसिड, दुसरा हायड्रोजन. ॲसिड दिसतं, म्हणून माणूस त्याला जपून असतो. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि हवेत तो ४ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. बंद कपाटात बॅटरी ठेवणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. भरलेल्या बॅटरीत ३ अँपिअर वीज वायू करण्यात जात असेल तर तासाला साडेसात लिटर हायड्रोजन निघतो. जिन्याखालच्या ३०० लिटरच्या घट्ट कपाटात ४ टक्के म्हणजे १२ लिटर. दीड-पावणेदोन तासांत ती मर्यादा गाठली जाते. हायड्रोजन हलका असल्याने तो कपाटाच्या वरच्या भागात साचतो, तिथे आणखी लवकर. म्हणून बॅटरीच्या कपाटाला वर आणि खाली जाळी हवी आणि शेजारी देवघर, समई किंवा गॅसची शेगडी नको.

पाणी टाकायला दिवसाची वेळ निवडावी आणि बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असावी. हे महत्त्वाचं आहे, कारण चार्ज होताना आतली पातळी वर चढते. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ पाणी भरलं तर रात्री चार्जिंगच्या वेळी ते ॲसिडसकट बाहेर वाहतं. फरशी जळते आणि गेलेलं ॲसिड परत येत नाही. अपवाद एकच. प्लेट उघड्या पडलेल्या दिसल्या तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी टाकायचं, मग पूर्ण चार्ज करायचं आणि उरलेलं नंतर.

आधी इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद करावं, मग भिंतीवरचा प्लग काढावा. खिडक्या उघडून अर्धा तास थांबावं, म्हणजे साचलेला वायू निघून जातो. बॅटरीच्या तारा सोडवायची गरज नाही. उलट त्या सोडवताना ठिणगी पडण्याचा धोका असतो. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला तर हजार अँपिअरच्या वर करंट वाहू शकतो आणि अंगठी बोटावरच लाल होते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, अंगावर जुने कपडे. उजेड हवा असेल तर टॉर्च आधीच लावून ठेवावी. काडी किंवा मेणबत्ती कधीही नाही.

बॅटरीचा माथा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. धूळ आत पडू नये हे एक कारण. कोरडं फडकं प्लास्टिकवर घासलं तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, हे दुसरं. मग एकेक बूच उघडायचं. सहाही एकदम उघडून ठेवायची नाहीत. ट्यूब्युलरच्या बुचात बहुधा तरंगणारी काडी असते, तिच्यावर हिरवी आणि लाल खूण असते. लाल दिसू लागली की पाणी हवं, हिरवी दिसली की पुरे. काडी कधी कधी अडकते, म्हणून बूच काढून टॉर्चच्या उजेडात एकदा आत डोकावावं, पण चेहरा थोडा लांब ठेवून. फ्लॅट बॅटरीच्या डब्यावर कमाल-किमान अशा रेषा असतात. त्या नसतील तर प्लेटांच्या वर साधारण एक-दीड सेंटिमीटर पाणी असावं.

प्लास्टिकचं नरसाळं आणि मापाची प्लास्टिक बाटली घ्यावी, धातूची नको. पन्नास-पन्नास मिलिलिटर करत हळू ओतावं, कमाल खुणेवर थांबावं आणि बूच लगेच लावावं. कोणत्या सेलला किती लागलं ते लिहून ठेवावं. शेवटी माथा पुसायचा, हात साबणाने धुवायचे आणि मग इन्व्हर्टर सुरू करायचा.

ॲसिड बाहेर सांडलं तर लिटरभर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यावर ओतावा. फेस यायचा थांबला की ॲसिड संपलं. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, बुचं घट्ट लावूनच हे करावं. टर्मिनलवरची पांढरी-निळसर भुकटीही याच पाण्याने निघते. ती कोरडी करून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. कातडीवर ॲसिड पडलं तर भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा धरून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवावा आणि तसंच दवाखान्यात जावं. डोळ्याला सोडा लावायचा नाही.

लिहिलेले आकडे काय सांगतात?

आता त्या टिपणाकडे येऊ. समजा, परभणीतल्या एका घरात १५० एएचची नवी टॉल ट्यूब्युलर आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला पातळी पूर्ण होती, मार्चअखेर पाणी टाकलं तेव्हा प्रत्येक सेलला साधारण २०० मिलिलिटर लागलं. एकूण १.२ लिटर. एका सेलला एक तृतीयांश ग्रॅम या हिशेबाने २०० मिलिलिटर म्हणजे ६०० अँपिअर-तास. १२० दिवसांत विभागले तर दिवसाला ५. म्हणजे चोवीस तास सरासरी ०.२ अँपिअर. लाइट न जाताही चार्जर भरल्या बॅटरीला जी बारीक धार देत राहतो, ती एवढीच असते. बॅटरी आणि चार्जर दोन्ही तब्येतीत आहेत.

एप्रिल-मे आला, पारा ४२-४३ वर गेला. उष्णता वाढली की त्याच व्होल्टेजला वायू जास्त निघतो, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. आता दोन महिन्यांतच प्रत्येक सेलने २०० मिलिलिटर प्यायलं तरी घाबरायचं कारण नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन महिन्यांतून एकदा बुचांकडे नजर टाकायची, एवढंच.

पण हिवाळ्यातच एका महिन्यात सगळ्या सेलांनी २००-२०० प्यायलं तर? धार चौपट झाली. सर्वात आधी इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटण पाहावं. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'ट्यूब्युलर', 'फ्लॅट' आणि 'एसएमएफ' अशी निवड असते. ट्यूब्युलरला चार्जिंगचं व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून फ्लॅट बॅटरी लावून बटण ट्यूब्युलरवर राहिलं तर ती ढसाढसा पाणी पिते. उलट झालं, ट्यूब्युलर लावून बटण फ्लॅटवर राहिलं, तर पाणी जवळजवळ लागतच नाही. मालक खूश होतो, पण बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि प्लेटांवर सल्फेट जमत जातं. म्हणजे पाणी अजिबात न पिणारी ट्यूब्युलर हीसुद्धा तक्रारच आहे. बटण बरोबर असेल तर चार्जरचं व्होल्टेज मेकॅनिककडून मोजून घ्यावं.

आणखी एक नोंद बघू. तिसऱ्या वर्षी दोन महिन्यांत पाच सेलांनी साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी घेतलं आणि पाचव्या क्रमांकाच्या सेलने फक्त चाळीस. सहाही सेल एका ओळीत जोडलेले, करंट सगळ्यांतून एकच जातो, म्हणून पाण्याची तहान सगळ्यांची सारखीच असायला हवी. जो सेल पीत नाही, त्यात वायू होत नाही, आणि वायू होत नाही कारण तो आतून शॉर्ट झालेला आहे. चार्जर अजूनही १४.४ व्होल्ट देतो आहे, पण ते आता पाचच सेलांत वाटले जातात. प्रत्येकाला २.४ ऐवजी जवळजवळ २.९. म्हणून बाकीचे पाच उकळल्यासारखे पाणी पितात. घाबरून त्या पाच सेलांना आठवड्याला पाणी पाजणारे बरेच असतात. आजारी असतो तो न पिणारा सहावा.

खातरजमा दोन तऱ्हांनी होते. चार्जिंग थांबवून काही तास विश्रांती दिलेल्या, भरलेल्या ट्यूब्युलरचं व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असतं. एक सेल गेला असेल तर ते साडेदहापर्यंत खाली दिसतं. दुसरं साधन हायड्रोमीटर. काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं, आतला तरंगा कुठे थांबतो ते वाचायचं आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडायचं. पूर्ण भरलेल्या इन्व्हर्टर ट्यूब्युलरला मेकॅनिक 'बाराशे चाळीस' म्हणतात, म्हणजे घनता १.२४०. पाच सेल तिथे आणि एक १.१०० च्या आसपास, तर निदान पक्कं. मात्र पाणी टाकल्या टाकल्या हे मोजू नये. नवं पाणी वरच तरंगतं आणि वाचन खोटं कमी येतं. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्यावं, वायूच्या बुडबुड्यांनी पाणी मिसळतं, मग मोजावं.

याच्या उलट एकच सेल बाकीच्यांपेक्षा खूप जास्त पीत असेल, तर आधी त्या बाजूचा डबा आणि ट्रॉली पाहावी. तडा गेलेला असेल तर तिथे ओल किंवा गंज सापडतो. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, डबा एका बाजूला हाताला चटका देण्याइतका गरम लागला किंवा फुगलेला दिसला, तर पाण्याचा विचारच करू नये. चार्जिंग बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मेकॅनिकला बोलवावं. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही. ती विक्रेत्याकडे एक्स्चेंजमध्ये द्यावी, शिशाची किंमत वजा होते. ॲसिड गटारात ओतून डबा भंगारवाल्याला देणं हे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांच्या विरुद्ध आहे आणि त्या गटाराकाठी खेळणाऱ्या मुलांच्याही मुळावर येतं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की एवढं कोण करणार. तो प्रश्न बॅटरी घेतानाच विचारला पाहिजे. घरात वयस्कर माणसंच असतील, बॅटरी माळ्यावर ठेवावी लागणार असेल, बुचांकडे कोणी बघणारच नसेल, तर पाणी न लागणारी सीलबंद बॅटरी घ्यावी आणि तिचं कमी आयुष्य हिशेबात धरावं, किंवा दुकानदाराशी वर्षाला तीन-चार फेऱ्यांचं ठरवून पावतीवर लिहून घ्यावं. बुचं उघडली न गेलेली ट्यूब्युलर फ्लॅटइतकीही टिकत नाही, आणि कोरड्या पडलेल्या सेलसाठी कंपन्या वॉरंटी सहसा मानत नाहीत.